छापलेली शिल्लक पुसू नका

«आमच्या नेरूळच्या ३२ फ्लॅटच्या सोसायटीची मी या वर्षी खजिनदार झाले. आधीच्या काकांनी २०२४-२५ या वर्षाच्या बँक स्टेटमेंटचे मोबाईलवर काढलेले ४१ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मूळ कागद कुठे आहेत ते त्यांनाही आठवत नाही. ऑडिटर म्हणतात, एक्सेलमध्ये तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक अशी यादी द्या. फोटोतून मजकूर उचलला तर आकडे येतात, पण कुठला आकडा नावेचा आणि कुठला जमेचा हे कळेनासं होतं. एकदा सगळं भरून पाहिलं तर शेवटची शिल्लक जुळली नाही आणि चूक कुठे आहे ते सापडेना. हे सगळं हाताने टाइप करायचं का?»
— खजिनदार, नेरूळ

ताई, हाताने टाइप करू नका. मशीन ३ चा ८ करतं, माणूस २,७५० चे २,५७० करतो आणि रात्री अकरानंतर एखादी ओळच गाळतो. चुका दोन्हीकडे होणारच. त्या लगेच दिसतील अशी मांडणी केली की काम झालं, आणि त्यासाठी लागणारी गोष्ट त्या फोटोंमध्येच आहे. ती म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी बँकेने छापलेली शिल्लक.

पण आधी दोन कामं उरका. पहिलं, सोसायटीच्या लेटरहेडवर शाखेला अर्ज द्या: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ चं स्टेटमेंट पीडीएफमध्ये ईमेलने मिळावं आणि एक प्रत शिक्क्यासह मिळावी. तुम्ही बनवाल ती यादी कामापुरती, पुरावा बँकेच्याच कागदाचा, त्यामुळे ऑडिटर शिक्क्याची प्रत आज ना उद्या मागणारच. पीडीएफ आली की एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. तेवढाच शब्द निवडला गेला तर ती बहुधा बँकेच्या संगणकातून थेट निघालेली आहे, आकडे चुकीचे वाचले जाण्याची भीती फारशी नाही. कुठलाच शब्द निवडला गेला नाही तर शाखेने कागद स्कॅन करून पाठवलाय. तो फोटोचाच भाऊ. मग खालचं सगळं त्यालाही लागू.

दुसरं काम, काकांना एक फोन. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं. डॉट मॅट्रिक्सवर छापलेला फिकट दशांश टिंब सगळ्यात आधी तिथे मरतो. त्यांच्या फोनच्या गॅलरीत मूळ फोटो असतील तर तेच «डॉक्युमेंट» म्हणून पाठवायला सांगा. फाईल जशीच्या तशी येते. काकांना हे फोनवर समजावणं अवघड जाईल, त्यापेक्षा चहाला जा आणि स्वतःच पाठवून घ्या.

आता नावे-जमेचा गोंधळ. फोटोतून मजकूर उचलणारं साधन, मग ते गूगल लेन्स असो की दुसरं काही, अक्षरं वाचतं. रिकामी जागा त्याच्या लेखी काहीच नसते. स्टेटमेंटवर लिफ्टवाल्याचे ८,८५० नावेच्या रकान्यात असतात आणि शेजारचा जमेचा रकाना कोरा असतो. मजकूर उचलला की तो कोरेपणा गायब होतो आणि हातात हे येतं:

```
02/04/24 UPI FLAT 302 MAINT 3,200.00 1,87,520.50
03/04/24 CHQ 000417 LIFT AMC 8,850.00 1,73,670.50
05/04/24 NEFT FLAT 104 MAINT 6,400.00 1,85,070.50
```

ओळीत पैशाचे आकडे दोनच. शेवटचा शिल्लक, त्याच्या आधीचा रक्कम. शिल्लक वरच्या ओळीपेक्षा वाढली असेल तर ती रक्कम जमा, कमी झाली असेल तर नावे. रकाना हरवला तरी बाजू हरवत नाही. (एक्सेलच्या मोबाईल अ‍ॅपमधलं `Data From Picture` वापरलंत तर ते रकाने राखायचा प्रयत्न करतं आणि शंका वाटलेले आकडे तपासायला पुढे करतं. पान सपाट आणि फोटो सरळ असेल तर ते चांगलं चालतं. पान वळलेलं असेल तर शेजारच्या दोन ओळी एकमेकींत मिसळतात, तेव्हा साधा मजकूरच बरा. «स्टेटमेंट टाका, एक्सेल घ्या» म्हणणाऱ्या कुठल्यातरी फुकटच्या वेबसाइटवर मात्र हे फोटो चढवू नका. त्यात ३२ घरांची नावं आणि सोसायटीचा खाते क्रमांक आहे.)

एक्सेलची मांडणी अशी करा: A तारीख, B तपशील, C चेक किंवा संदर्भ क्रमांक, D नावे, E जमा, F शिल्लक, G फरक, H फोटो क्रमांक. शेवटचा रकाना लोकांना फालतू वाटतो. सहाशेएक नोंदींमधली एक ओळ ४१ फोटोंत शोधायची वेळ आली की त्याची किंमत कळते. काहीही चिकटवण्याआधी A आणि C हे दोन रकाने निवडून त्यांचा फॉरमॅट `Text` करून ठेवा. नाहीतर 000417 या चेकचा नुसता 417 होतो आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ `4.09E+11` असा दिसायला लागतो.

दुसऱ्या ओळीत फक्त F मध्ये मागील शिल्लक लिहा. तुमच्या पहिल्या पानावर ती १,८४,३२०.५० आहे असं धरू. तिसऱ्या ओळीपासून नोंदी. आणि G3 मध्ये हे:

```
=ROUND(F2-D3+E3-F3,2)
```

हे खालपर्यंत ओढा. सूत्र इतकंच सांगतं: वरची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, आणि जे येईल त्यातून या ओळीवर छापलेली शिल्लक वजा. ओळ बरोबर असेल तर शून्य. `ROUND` नसेल तर पैशांच्या बेरजेत एक्सेल कधीकधी शून्याऐवजी शून्याच्या आसपासचा लांबलचक दशांश आकडा दाखवतं आणि माणूस उगाच घाबरतो.

यात एक गोष्ट मोडायची नाही. F मधली शिल्लक फोटोतूनच आली पाहिजे. तिथे «वरची शिल्लक अधिक जमा वजा नावे» असं सूत्र टाकलंत तर यादी नेहमीच जुळते, कारण ती स्वतःशीच जुळते. तुमचंही पहिल्या वेळी हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. रकाना सूत्राने भरला, मध्ये कुठेच काही बिघडलेलं दिसलं नाही आणि तळाशी आल्यावर शिल्लक वेगळी. ऑडिटरना सूत्राने काढलेली शिल्लक हवीच असेल तर ती I मध्ये, वेगळी.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. ठाण्यात एका दुकानदाराचं वर्षाचं स्टेटमेंट उतरवताना मी नेमकं हेच केलं होतं. तळाशी फरक आला ५४० रुपयांचा. ५४० ला ९ ने भाग जातो. जुन्या लोकांनी शिकवलेलं डोक्यात पक्कं होतं: फरकाला ९ ने भाग गेला की कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडलेत. रात्री दोनपर्यंत मी उलटे आकडे शोधत होतो. एकही नव्हता. ५९० रुपयांची शुल्काची एक ओळ गळाली होती आणि दुसरीकडे एका खर्चात ५० रुपये जास्त वाचले गेले होते. ५९० वजा ५० म्हणजे ५४०. नऊची ती युक्ती खोटी नाही, पण ती एका ओळीवर चालते. सहाशे ओळींच्या एकत्र फरकावर लावलीत तर ती कुठेही नेऊन सोडेल. G रकाना हेच करतो, फरकाला त्याच्या जन्माच्या ओळीवर पकडतो.

आता G मध्ये काय दिसलं तर काय समजायचं ते तुमच्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यावर पाहू. खऱ्या नोंदी अशा आहेत असं धरा:

```
तारीख      तपशील              नावे        जमा       शिल्लक
           मागील शिल्लक                            1,84,320.50
02/04/24  UPI FLAT 302                 3,200.00  1,87,520.50
03/04/24  CHQ LIFT AMC    8,850.00              1,78,670.50
05/04/24  NEFT FLAT 104                6,400.00  1,85,070.50
05/04/24  MSEDCL BILL    14,630.00              1,70,440.50
06/04/24  SMS CHG            17.70              1,70,422.80
08/04/24  UPI FLAT 501                 3,200.00  1,73,622.80
```

वर उचललेल्या मजकुरात लिफ्टच्या ओळीची शिल्लक 1,73,670.50 आली होती, म्हणजे ८ चा ३ झाला. G मध्ये त्या ओळीवर 5000 दिसेल आणि लगेच खालच्या ओळीवर -5000. अशी एक अधिक आणि एक वजा जोडी दिसली की रकमांकडे बघूच नका. वरच्या ओळीची शिल्लक चुकली आहे. तीच शिल्लक दोन ओळींच्या हिशेबात येते, एकदा शेवटची म्हणून आणि एकदा सुरुवातीची म्हणून, त्यामुळे चूक दोनदा उमटते. शिल्लक सुधारली की दोन्ही एकदम शून्य.

वीजबिलात रक्कमच चुकली असती, १४,६३० चे १४,६८० वाचले असते, तर फक्त त्या एका ओळीवर -50 दिसलं असतं आणि खालची ओळ स्वच्छ. जोडी नाही म्हणजे शिल्लक बरोबर, रक्कम चूक. खरी रक्कम किती ते फोटो न बघताही कळतं: वरची १,८५,०७०.५० वजा खालची १,७०,४४०.५० बरोबर १४,६३०. तरी फोटो उघडून बघा, कारण आपण हिशेब जुळवायला बसलेलो नाही, जे छापलंय ते उतरवायला बसलोय. मशीनच्या चुकीचा चेहरा ओळखू यायला लागतो. ते एकेक आकडा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या आकड्यात बदलतं, त्यामुळे फरक बहुधा एकच आकडा आणि मागे शून्यं असा येतो: ५०, ६००, ५,०००. माणसाने उलटसुलट टाइप केलेलं असेल तर १८०, ६३, २,७०० असा नवाच्या पाढ्यातला येतो. फरक बघून चूक मशीनची की आपली हे बऱ्याचदा सांगता येतं. घरातल्या मुलाला टायपिंगला बसवलं असेल तर हे उपयोगी पडतं.

एसएमएस शुल्काच्या ओळीवर दशांश टिंब गेला तर १७.७० चे १७७० होतात आणि G मध्ये -1752.3 असा विचित्र आकडा येतो. तो मूळ रकमेच्या ९९ पट आहे. फिकट छपाईच्या पानांवर हे वारंवार होईल, म्हणून असा वेडावाकडा फरक दिसला की आधी टिंब शोधा.

बाजू चुकण्याची गोष्ट वेगळी. ८ तारखेचे ३,२०० चुकून नावेत टाकलेत तर G मध्ये -6400 येईल, म्हणजे रकमेच्या दुप्पट. एकदा ते मिळवायला हवे होते ते मिळवले नाहीत, वर वजाही केले. आता गंमत बघा. ६,४०० हा तुमच्याकडे अगदी खराखुरा आकडा आहे, दोन महिन्यांचा मेंटेनन्स एकदम भरणाऱ्यांचा. त्यामुळे -6400 दिसल्यावर कुणाचीतरी ६,४०० ची जमा गळालीय असंही वाटू शकतं, आणि गळाली असती तरी फरक नेमका इतकाच आला असता. अशा वेळी आधी त्याच ओळीची रक्कम बघा. फरक तिच्या दुप्पट असेल तर आधी संशय बाजूचा, नंतर गळालेल्या ओळीचा. इथे शिल्लक १,७०,४२२.८० वरून १,७३,६२२.८० वर गेली, म्हणजे वाढली, आणि तुम्ही ती नावेत लिहिली. प्रश्न मिटला.

बाजू पुन्हा पुन्हा उलटी पडत असेल तर कारण बहुतेक टॅलीची सवय. टॅलीत वर्गणी आली की बँक खातं डेबिट होतं. स्टेटमेंट बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं, तिच्या दृष्टीने ती तुमची देणेकरी, म्हणून आलेले पैसे क्रेडिट. आपल्या जुन्या रोजकीर्दीत आले ते जमा, गेले ते नावे, त्यामुळे आजोबांच्या वहीवाल्यांना हा घोळ कधीच पडला नाही. यादीत स्टेटमेंटचीच बाजू ठेवा. उलटापालट टॅलीत होईल तेव्हा होईल.

फोटोंच्या सांध्यांवर जास्त लक्ष द्या. काकांनी पान पूर्ण यावं म्हणून थोडं वरचं, थोडं खालचं घेतलं असणार, त्यामुळे एका फोटोची शेवटची ओळ पुढच्या फोटोत पुन्हा आलेली असते. ती दोनदा उतरली की दुसऱ्या वेळच्या ओळीवर G मध्ये तिचीच रक्कम दिसते, दुप्पट नाही. आणि शिल्लक वरच्या ओळीशी हुबेहूब सारखी असते. हीच खूण धरा. एक्सेलचं `Remove Duplicates` तारीख आणि रकमेवर चालवू नका. १० तारखेला सहा घरांतून प्रत्येकी ३,२०० आले असतील तर त्यातली पाच घरं एका क्लिकमध्ये थकबाकीदार होतील आणि वार्षिक सभेत तुमचं काय होईल ते मी सांगायला नको. खऱ्या दोन नोंदींची शिल्लक कधीच लागोपाठ सारखी नसते.

पानाच्या तळाशी «पुढे नेले» किंवा `C/F` आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर `B/F` असं छापलेलं असतं. या नोंदी नाहीत, यादीत घेऊ नका. पण `B/F` चा आकडा आधीच्या पानाच्या शेवटच्या शिल्लकेशी ताडून बघा. जुळला नाही तर मध्ये एक पान गेलंय, आणि ४१ फोटोंत हे घडायला काहीच अवघड नाही. फोटोंचा क्रमही यावरूनच लावता येतो, तारखेवरून लावायला गेलात तर एकाच तारखेची दोन पानं उलटी पडू शकतात.

तपशील दोन-तीन ओळींत मोडलेला असेल तर ज्या ओळीला तारीखही नाही आणि शिल्लकही नाही ती वरच्या ओळीचं शेपूट समजून B मध्ये जोडा. परत आलेला चेक स्टेटमेंटवर आधी जमा आणि मग नावे असा दोनदा दिसेल. तो «एकमेकांत कापून» टाकू नका, दोन्ही ओळी ठेवा.

एकेक फोटो पूर्ण करूनच पुढे जा. G शून्य, मग पुढचा फोटो. सगळे भरून झाल्यावर एकदम तपासायला बसलात तर एका चुकीच्या शिल्लकेपायी तुम्ही भलतीच ओळ सुधाराल.

सगळीकडे शून्य आल्यावर एक शेवटची बेरीज:

```
=F2+SUM(E3:E650)-SUM(D3:D650)
```

हा आकडा शेवटच्या ओळीच्या छापील शिल्लकेइतका यायलाच हवा. G सगळीकडे शून्य आणि तरी ही बेरीज जुळत नाही, असं झालं तर हिशेबात चूक नाही, काही आकडे एक्सेलच्या नजरेत आकडेच नाहीत. फोटोतून आलेला 3200.00 कधीकधी मजकूर म्हणून बसतो. वजाबाकी करताना एक्सेल त्याला मुकाट्याने आकडा मानून घेतं, म्हणून G शून्य येतो, पण `SUM` त्याला ओलांडून पुढे जातं. असे सेल ओळखायला सोपे: तुम्ही स्वतः रांग लावली नसेल तर आकडे सेलमध्ये उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. तो D किंवा E चा रकाना निवडून `Data` मधलं `Text to Columns` उघडा आणि काही न बदलता `Finish` दाबा, बहुतेक वेळा आकडे उजवीकडे सरकतात. G मध्ये `#VALUE!` आला तर त्या ओळीत शून्याऐवजी इंग्रजी O अक्षर किंवा आकड्याच्या मागे चिकटलेलं काहीतरी आहे.

या सगळ्यातून तारीख मात्र निसटते. शिल्लकेला तारखेशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे G कितीही शून्य असला तरी तारखा चुकलेल्या असू शकतात. एक्सेल अमेरिकी पद्धतीवर बसवलेलं असेल तर 05/04/24 ही ५ एप्रिलची तारीख त्याला ४ मे वाटते, आणि 13/04/24 मात्र तेरावा महिना नसल्याने मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस बिघडतात आणि बाकीचे बरे दिसतात. म्हणूनच A ला आधी `Text` करायला सांगितलं. शेवटी तो रकाना निवडून `Text to Columns` च्या तिसऱ्या पायरीवर `Date` आणि `DMY` निवडा, सगळ्या तारखा एकदम नीट होतील. मग कुठल्याही रिकाम्या रकान्यात `=A4>=A3` खालपर्यंत ओढा. जिथे `FALSE` येईल तिथे तारीख मागे गेली आहे, तो फोटो उघडा.

एवढं करूनही दोन-चार ओळी राहतील. कुठल्यातरी फोटोत काकांचा अंगठा आलेला असेल, कुठे ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. अंगठ्याखाली एकच ओळ असेल तर तिची रक्कम आणि बाजू वरच्या आणि खालच्या शिल्लकेतून निघते. खालची ओळ दिसत असेल तर तिची रक्कम उलटी फिरवा आणि झाकलेल्या ओळीनंतरची शिल्लक मिळवा. पण दोन ओळी झाकल्या असतील तर हाती फक्त त्यांची गोळाबेरीज लागते. ५,००० नी शिल्लक वाढली याचा अर्थ ५,००० जमा असेलच असं नाही, ८,२०० जमा आणि ३,२०० नावे असंही असू शकतं. तिथे एक ओळ करून जुळवून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. त्या ओळींचे नावे-जमा रिकामे ठेवा, F मध्ये वरचीच शिल्लक पुन्हा लिहा म्हणजे G मध्ये फरक खालच्या ओळीवर दिसेल, तो दिसू द्या, तपशिलात «फोटोत दिसत नाही» लिहा आणि ओळ पिवळी करा. मग शाखेला दिलेल्या अर्जाची आठवण करायला जाल तेव्हा फक्त या पिवळ्या तारखा एका चिठ्ठीवर लिहून न्या. वर्षाची प्रत यायला वेळ लागत असेल तरी समोर बसलेला कारकून चार तारखांच्या नोंदी स्क्रीनवर बघून सांगू शकतो. एकटी गेलात तर तो नाही म्हणेल, तेव्हा सही करणाऱ्या सेक्रेटरींनाही सोबत न्या.